तारांनंतर हनुवटी आणखी पुढे का?

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलाचा खालचा जबडा पुढे आहे. शस्त्रक्रियेआधी तारा लावल्या, तर चावा आणखीच उलटा दिसतो. उपचार चुकतोय का?
– एक आई, बदलापूर

उत्तर : बहुधा नाही. जबडा पुढे वाढला की दात आपापल्या परीने तडजोड करतात; खालचे आत झुकतात, वरचे बाहेर. तारा ती तडजोड मोडून दात हाडावर सरळ उभे करतात आणि जबड्यांमधले खरे अंतर उघडे पडते. शस्त्रक्रियेत जबडा नेमका किती सरकवायचा, हे त्यावरच ठरते. या टप्प्याला साधारण १२ ते १८ महिने लागतात. आरसा नकोसा वाटतो, हे खरे!

जबड्याची वाढ थांबल्याची खात्री करूनच पूर्ण भूल देतात. तोंडाच्या आतूनच खालचे हाड दोन्ही बाजूंना कापून मागे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. काहींचा वरचा जबडाही पुढे आणावा लागतो.

सूज पहिले दोन-तीन दिवस वाढते. आधी पेज, सूप. मग मऊ खिचडी. सुमारे सहा आठवडे भाकरी चावायची नाही. खालचा ओठ काही महिने बधिर राहतो, काहींचा कायमचा. चावा अचानक बदलला, ताप आला किंवा पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शेवटी आणखी सहाएक महिने तारा राहतात.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांना सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय लोकलने गाठता येते. मात्र दंतवक्रतातज्ज्ञ आणि सर्जन, दोघांना तारा लावण्याआधीच एकत्र भेटावे.