ज्येष्ठ नागरिकांचा आयकर आणि ठेवींवरील व्याजाची वजावट

वाणिज्य शाखेच्या वर्गात आयकराचा विषय निघाला की दरवर्षी एक तरी विद्यार्थी घरच्या आजोबांची किंवा आजीची कागदपत्रे घेऊन मला भेटतो. पेन्शनची स्लिप, दोन-तीन पासबुके, पोस्टाची पावती, आणि त्यासोबत एक ठाम समजूत असते. ती अशी, की ज्येष्ठ नागरिकाला तीन लाखांपर्यंत कर नाही आणि व्याजाचे पन्नास हजार वेगळे माफ, तेव्हा काळजीचे कारण नाही. ही समजूत खोटी नाही. पण ती कोणत्या चौकटीत खरी आहे हे ठाऊक नसले तर हिशेब फसतो. प्रस्तुत लेखात मी २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा हिशेब मांडणार आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला असल्याने १९६१ च्या कायद्याखाली मोजले जाणारे हे शेवटचे वर्ष होय.

प्रथम दोन शब्द वेगळे करून घेऊ. तीन लाख ही करमुक्त मर्यादा आहे, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या पहिल्या तीन लाखांवर कराचा दर शून्य. व्याजाचे पन्नास हजार ही वजावट आहे, म्हणजे एकूण उत्पन्न ठरवताना ती रक्कम आधीच उणे होते. ही वजावट कलम ८० टीटीबी खाली मिळते. २०१८ च्या वित्त कायद्याने ती आली. दोन्हींसाठी व्यक्ती भारतातील निवासी हवी आणि त्या वर्षात केव्हाही तिला साठ वर्षे पूर्ण झालेली हवीत. यात एक गंमत आहे. ज्याचा जन्म १ एप्रिल १९६६ चा, त्याला साठ वर्षे ३१ मार्च २०२६ रोजी पूर्ण झाली असे मानले जाते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ सालीच तसे परिपत्रक काढले आहे. तेव्हा एका दिवसाने त्याला संपूर्ण वर्षाचा लाभ मिळतो.

वजावट कोणत्या व्याजाला? बँकेतील, बँकिंगचा व्यवसाय करणाऱ्या सहकारी संस्थेतील आणि पोस्टातील ठेवींच्या व्याजाला. बचत खाते असो, मुदत ठेव असो, आवर्ती ठेव असो, भेद नाही. कंपन्यांच्या ठेवी, रोखे व कर्जरोखे यांचे व्याज मात्र यात बसत नाही. आपल्या बेळगाव भागात ज्यांना आपण नुसते ‘सोसायटी’ म्हणतो त्या पतसंस्थांचे व्याज मी नेहमी वेगळ्या रकान्यात लिहावयास सांगतो; बँकिंग परवाना नसलेल्या संस्थेचे व्याज वजावटीस पात्र आहे असे गृहीत धरू नये. अर्थात बँक व पोस्ट यांचेच व्याज पन्नास हजारांच्या वर गेले, तर ही वजावट तेथेच संपते आणि पतसंस्थेचा प्रश्न उरत नाही.

आता उदाहरण घेऊ. एक निवृत्त शिक्षिका, वय सदुसष्ट. पेन्शन दरमहा ३३,००० म्हणजे वर्षाला ३,९६,०००. एका बँकेतील मुदत ठेवींचे व्याज १,३४,०००, त्याच बँकेतील बचत खात्याचे ६,०००. पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पाच लाख रुपये आहेत, त्यांवर ८.२ टक्क्यांनी ४१,०००. पतसंस्थेचे व्याज २२,०००. व्याजाची बेरीज २,०३,००० झाली.

जुन्या कररचनेत पेन्शनमधून ५०,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ३,४६,००० उरतात. त्यात संपूर्ण व्याज मिळवावयाचे. येथे पुष्कळ जण व्याजातून आधीच पन्नास हजार कापून उरलेला आकडाच लिहितात. तसे करू नये. विवरणपत्रात ‘इतर मार्गांनी उत्पन्न’ या सदरात २,०३,००० पूर्ण दाखवून वजावट नंतर स्वतंत्र रकान्यात घ्यावयाची असते. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात बँकेने कळवलेला पूर्ण आकडा असतोच. तुमचा आकडा त्याहून कमी दिसला की विचारणा येते. तर बेरीज ५,४९,०००, त्यातून ८० टीटीबीचे ५०,००० वजा, एकूण उत्पन्न ४,९९,०००.

या रकमेवर कर असा: पहिल्या ३,००,००० वर शून्य, पुढील १,९९,००० वर पाच टक्के म्हणजे ९,९५०. परंतु एकूण उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याने कलम ८७ अ ची सूट लागते. ती १२,५०० पर्यंत असल्याने सगळा कर फिटतो. बाईंना देणे काही नाही. वजावट नसती तर उत्पन्न ५,४९,००० राहिले असते, कर १९,८०० आणि त्यावर चार टक्के उपकर धरून २०,५९२ भरावे लागले असते. पन्नास हजारांच्या वजावटीने वाचलेली ही रक्कम आहे.

इथवर सारे ठीक. आता समजा या बाईंचे दुसऱ्या एका बँकेत जुने बचत खाते आहे, ज्यात कधी काळी पगार जमा होत असे, आणि तेथे वर्षाकाठी १,५०० रुपये व्याज पडते. पासबुक भरून आणलेले नाही, म्हणून ते हिशेबात आले नाही. ते धरताच एकूण उत्पन्न ५,००,५०० होते. पन्नास हजारांची वजावट आधीच पूर्ण वापरली गेल्याने या दीड हजाराला तिचा आधार नाही. पाच लाखांची रेषा ओलांडताच ८७ अ ची सूट कमी होत नाही, ती पूर्णच नाहीशी होते. कर १०,०००, अधिक वरच्या ५०० वर वीस टक्क्यांनी १००, अधिक उपकर ४०४, म्हणजे एकंदर १०,५०४. दीड हजाराच्या उत्पन्नापायी साडेदहा हजारांचा कर! विद्यार्थ्यांना हे फळ्यावर लिहून दाखवले तरी ते पुन्हा बेरीज करून पाहतात. या रेषेच्या अगदी कडेला असणाऱ्याने ३१ मार्चपूर्वीच हिशेब केला पाहिजे, कारण तोवर उपाय हाती असतो. प्रतिबंधक आरोग्य तपासणीची पाच-सहाशे रुपयांची खरी पावतीसुद्धा कलम ८० ड खाली उत्पन्न रेषेच्या आत आणते. एप्रिल उजाडला की तो मार्ग बंद.

ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्यांची स्थिती निराळी आहे. त्यांची करमुक्त मर्यादाच पाच लाख असल्याने असा कडा त्यांच्या वाटेत येत नाही. याच ५,००,५०० वर त्यांना फक्त १०४ रुपये पडतात.

आता चौकटीविषयी. वर सांगितलेली तीन लाखांची मर्यादा, ऐंशीनंतरची पाच लाखांची मर्यादा आणि ८० टीटीबी या तिन्ही गोष्टी जुन्या कररचनेतच आहेत. २०२३-२४ पासून नवी कररचना हीच मूळ धरली जाते. जुनी हवी असेल तर तसे सांगावे लागते. नव्या रचनेत वयाचा विचार नाही. २०२५-२६ साठी तेथे सर्वांनाच चार लाखांपर्यंत शून्य, पुढे आठ लाखांपर्यंत पाच टक्के, बारा लाखांपर्यंत दहा टक्के असे दर चढत जातात, आणि एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असल्यास साठ हजारांपर्यंत सूट आहे. पेन्शनची प्रमाणित वजावटही ७५,०००.

आपल्या बाईंचे गणित तेथे मांडू. पेन्शन ३,२१,०००, व्याज २,०३,००० आणि ते विसरलेले १,५००, मिळून ५,२५,५००. कर ६,२७५, तो सर्व सुटीत फिटतो. व्याजावर एक रुपयाचीही वजावट न घेता कर शून्य, आणि कड्याची भीतीही नाही. म्हणून माझे मत असे, की ज्यांचे उत्पन्न पेन्शन आणि व्याज एवढेच आहे, त्यांनी २०२५-२६ साठी ‘आमचे पन्नास हजार’ म्हणून जुन्या रचनेला चिकटून राहू नये.

कुटुंब निवृत्तिवेतनाबद्दल एक सांगणे भाग आहे, कारण अनेक विद्यार्थ्यांच्या आजींना तेच मिळते. पतीच्या पश्चात मिळणारी ही रक्कम पगार या सदरात येत नाही, तेव्हा वरील प्रमाणित वजावट तिला नाही. तिच्यातून एक-तृतीयांश किंवा ठरावीक रक्कम, यांतील जी कमी ती वजा होते. ही ठरावीक रक्कम जुन्या रचनेत १५,००० व नव्या रचनेत २५,००० आहे.

बँकेकडील कपातीचा मुद्दा यानंतरचा. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या ठेवींचे एका बँकेतील व्याज वर्षाला एक लाखाहून अधिक झाले तरच बँक दहा टक्के कर कापते. बाईंच्या १,३४,००० वर १३,४०० कापले जातील. अंदाजित कर शून्य येत असल्याने त्या वर्षी त्या बँकेला फॉर्म १५ एच देऊ शकत होत्या. तो दिला नसेल तर विवरणपत्र भरून परतावा घ्यावा. उलट दोन बँकांत ठेव विभागून कपात टाळली म्हणजे कर टळला, असे मात्र नव्हे. तसेच कर शून्य आला म्हणून विवरणपत्र भरणे चुकत नाही. वजावटीपूर्वीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर आहे, तेव्हा ते भरावे लागते.

मग जुनी रचना आता कोणाच्या उपयोगाची? एक प्रकार माझ्या पाहण्यात वारंवार येतो. पेन्शन नाही, केवळ बँकेतील ठेवींवर जगणारे सत्तरीचे गृहस्थ. व्याज ४,४०,०००, आणि वर्षाच्या आत विकलेल्या शेअर्सवर नफा ६०,०००. या अल्पमुदतीच्या नफ्यावर वीस टक्के असा वेगळा दर आहे, आणि नव्या रचनेतील सूट या नफ्यावरील कराला लागत नाही. व्याजावरचा कर सुटीत फिटतो, पण नफ्यावरचे १२,००० आणि उपकर मिळून १२,४८० भरावेच लागतात. जुन्या रचनेत व्याजातून पन्नास हजार वजा होऊन ३,९०,००० उरतात. त्यांवर ४,५००, नफ्यावर १२,०००, मिळून १६,५००. एकूण उत्पन्न ४,५०,००० असल्याने १२,५०० ची सूट मिळून ४,००० उरतात, उपकरासह ४,१६०. आठ हजार तीनशे वीस रुपयांचा फरक त्या दोन जुन्या सवलतींमुळे पडतो. मात्र त्यासाठी विवरणपत्रात जुन्या रचनेची निवड स्पष्ट नोंदवावी लागते, आणि तेही मूळ मुदतीत. मुदत टळून उशिरा भरलेल्या विवरणपत्रात ही निवड करता येत नाही. तेथे नव्या रचनेनेच कर मोजला जातो.