सावळी त्वचा आणि केस काढणारा लेसर

हनुवटीवरचे, ओठांवरचे केस लेसरने काढून घेण्याची सोय आता लहान गावांतही झाली आहे आणि लग्नसराईत त्याची विचारणा वाढते. या उपचारात गोऱ्या त्वचेपेक्षा सावळ्या त्वचेला भाजण्याचा धोका अधिक असतो. असे का, ते पाहू.

लेसरच्या प्रकाशाला केस ओळखता येत नाही, त्याला कळतो फक्त काळा रंग. केसात व त्याच्या मुळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य असते. ते प्रकाश शोषून तापते आणि त्या उष्णतेने मूळ जळते. (म्हणूनच पांढऱ्या केसांवर लेसरचा उपयोग होत नाही.) पण हेच मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरातही असते आणि मुळाकडे जाणारा प्रकाश त्याच थरातून जातो. त्वचा जितकी सावळी, तितका जास्त प्रकाश वाटेतच अडतो आणि मुळाऐवजी त्वचाच तापते. डाग घालवण्याच्या लेसरनेही याच कारणाने भाजू शकते.

माझ्याकडे आलेल्या एका सावळ्या तरुणीच्या हनुवटीवर दोन वेळा हा उपचार विनातक्रार झाला होता. तिसऱ्या वेळेआधी ती आठ दिवस यात्रेच्या उन्हात हिंडली. परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच यंत्राने, त्याच मापाने उपचार झाला आणि रात्री फोड आले. डाग चौकोनी होते, यंत्राच्या तोंडाच्या आकाराचे! यंत्र बदलले नव्हते. उन्हाने त्वचेतले मेलॅनिन वाढले होते. फोड दहा दिवसांत सुकले, काळे डाग निवळायला मात्र सहा महिने लागले. म्हणून ऊन लागून त्वचा रापली असेल, तर निदान चार आठवडे थांबावे.

यंत्रायंत्रांतही फरक आहे. 755 नॅनोमीटर तरंगलांबीचा अलेक्झांड्राइट लेसर मेलॅनिनमध्ये बराच शोषला जातो. 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग कमी शोषला जातो व खोल पोचतो, त्यामुळे सावळ्या त्वचेला तो अधिक सुरक्षित. मात्र माप चुकले किंवा त्वचा नीट गार ठेवली नाही, तर त्यानेही भाजते. तेव्हा यंत्र कोणते, हे विचारायला संकोच करू नये.

उपचारानंतर केसांच्या मुळांभोवती बारीक सूज व लाली येते, ती बहुधा एकदोन दिवसांत ओसरते. त्वचा राखाडी किंवा पांढरट दिसली, आग थांबेना किंवा फोड आला, तर ते भाजणे समजावे. वीस मिनिटे साधे गार पाणी लावावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये. फोड फोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पूर्ण उपचाराआधी लहानशा जागेवर चाचणी करून घ्यावी आणि निदान दोन दिवस वाट पाहावी, कारण सावळ्या त्वचेवर परिणाम कधीकधी उशिरा दिसतो. हनुवटीचा उपचार असेल तर चाचणीही हनुवटीजवळच हवी. दंडाच्या आतल्या बाजूला ऊन लागत नाही, तिथली त्वचा उजळ असते. तिथे काही झाले नाही म्हणून चेहरा भाजणार नाही असे नाही.