व्हिजन, मिशन आणि पोझिशनिंग : एका कागदावरची तीन वेगळी वाक्ये

स्टार्टअप म्हणून नवा धंदा काढणारे आपले तरुण बँकेसाठी किंवा भागीदारासाठी माहितीपत्रक छापतात. त्याच्या पहिल्या पानावर बहुधा असा मजकूर असतो : ‘दर्जेदार व परवडणारे कापड देऊन ग्राहकांचे समाधान साधणारी आणि कारागिरांना न्याय देणारी देशातील अग्रगण्य कंपनी बनणे हे आमचे ध्येय आहे.’ यावरचे नाव खोडून शेजारच्या दुकानाचे नाव लिहिले तरी काही बिघडत नाही. तीन वेगळ्या गोष्टी इथे एकाच हंडीत शिजल्या आहेत. ‘अग्रगण्य बनणे’ हे व्हिजनच्या जागी आले आहे, ‘कापड देणे’ हे मिशनच्या, आणि ‘दर्जेदार व परवडणारे’ हे पोझिशनिंगच्या. तिन्ही अर्धवट आहेत.

आपल्या माहितीतला माल घेऊन पाहू. समजा, भिवंडीतले दोन तरुण ब्लाऊजचे सुती अस्तर विकणार आहेत. या मालाचे दुखणे शिंप्याला विचारा. लूमवर आणि पुढे रंगणीत सूत ताणलेले असते. कापडाला पाणी लागले की तो ताण सुटतो आणि कापड आकसते, विशेषतः ताण्याच्या दिशेने. वरचे कापड तसेच राहते, आतले अस्तर ओढते आणि धुतलेला ब्लाऊज घेऊन बाई दुकानात परत येते. म्हणून जाणता टेलर अस्तर आधी भिजवतो, वाळवतो, इस्त्री करतो आणि मगच कापतो.

आता तीन वाक्ये वेगळी करू. व्हिजन म्हणजे आपले काम यशस्वी झाले तर दहापंधरा वर्षांनी काय बदललेले दिसेल ते. इथे ते असे होईल : ‘महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी शिंप्याला अस्तर भिजत घालावे लागू नये.’ यात कंपनीच्या मोठेपणाचा उल्लेख नाही, आणि तो नसलेलाच बरा.

मिशन म्हणजे त्या मंजिलीकडे जाण्यासाठी आपण रोज काय करतो आणि कोणासाठी. ‘भिवंडीच्या लूमवरचे सुती कापड घेऊन ते आधीच आकसवणे, पक्क्या रंगात रंगवणे आणि छोट्या ताग्यांत लेडीज टेलरपर्यंत पोहोचवणे.’ शनिवारी हिशेब करताना यातले काय झाले आणि काय राहिले हे सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर ते मिशन नव्हे.

सर्वांत जास्त घोळ पोझिशनिंगचा होतो. हा शब्द रूढ केला अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातील अल रीस आणि जॅक ट्राउट यांनी. त्यांचे पुस्तक 1981 साली आले. त्यांचे म्हणणे असे की पोझिशनिंग मालात नसते, गिऱ्हाइकाच्या मनात असते. गिऱ्हाईक आपला माल कशाच्या शेजारी ठेवून तोलते, हे आधी ठरवावे लागते. आमच्या उदाहरणात ते वाक्य असे : ‘रोज ब्लाऊज शिवणाऱ्या लेडीज टेलरसाठी, न भिजवता थेट कापता येणारे अस्तर, बाजारातले स्वस्त अस्तर मात्र आदल्या दिवशी भिजवावे लागते.’ माल कोणासाठी, तो काय आहे आणि कशाच्या ऐवजी घ्यायचा, एवढे त्यात आले.

या वाक्यात एक नकारही आहे, आणि तोच तरुणांना जड जातो. काउंटरवर येऊन मीटरला दोन रुपये कमी करा म्हणणारे गिऱ्हाईक यात बसत नाही. त्यालाही धरायचे म्हणून ‘परवडणारे’ हा शब्द परत घातला की टेलर विचारतो, स्वस्तच आहे तर भिजवावे लागणारच ना? वाक्य तिथेच पडते.

आणि वाक्य मालाने पेलले पाहिजे. ताग्यातून तुकडा घ्या, ताण्याच्या दिशेने 50 सेंटिमीटरवर खुणा करा, धुऊन वाळवा आणि पुन्हा मोजा. 47 भरले तर 6 टक्के आकस आला. ‘न भिजवता कापा’ म्हणण्याचा हक्क उरला नाही. तेव्हा दोष पोझिशनिंगचा नसून मिशनमधल्या ‘आधीच आकसवणे’ या कामाचा आहे. वाक्ये वेगळी लिहिलेली असली की कुठे हात घालायचा ते लगेच कळते.

उद्या दुसऱ्या व्यापाऱ्यानेही आकसवलेले अस्तर आणले तर? व्हिजनला धक्का लागत नाही, उलट ते जवळ येते. मिशनचा बराच भाग तसाच राहतो. पोझिशनिंग मात्र बदलावीच लागेल. कदाचित ‘पुन्हा मागवले तरी हुबेहूब तीच छटा’ अशी. मग रंगणीच्या प्रत्येक घाण्याचा नमुना जपून ठेवणे हे नवे काम मिशनमध्ये शिरेल. सगळे एकाच परिच्छेदात कालवलेले असते तेव्हा बाजार बदलला की माणसे धंद्याचा मूळ हेतूच बदलून बसतात, नाहीतर काहीच बदलत नाहीत.

छापताना व्हिजन बँकेच्या कागदावर घाला, मिशन कारखान्याच्या भिंतीवर लावा. ताग्याच्या चिठ्ठीवर फक्त ‘न भिजवता कापा’ एवढेच पुरे.