बारावीनंतर ‘डिजिटल मार्केटिंग’? आधी एक प्रसिद्धीपत्रक लिहून दाखवा

निकाल लागला की पनवेल, खांदेश्वर, कळंबोलीहून पालकांचा तोच प्रश्न येतो: ‘मॅडम, मुलाला डिजिटल मार्केटिंगचा कोर्स लावू का? फी जास्त आहे, पण नोकरीची हमी देतात.’ बीकॉम, बीएमएस, मास मीडिया यांची माहिती कॉलेजच्या पुस्तिकेत मिळते, त्यावर मी वेळ घालवत नाही. हमीच्या कोर्सबद्दल मात्र स्पष्ट सांगते, पैसे भरू नका. ज्याला चार ओळी नेमक्या लिहिता येत नाहीत, त्याला जाहिरातीचं सॉफ्टवेअर शिकवून उपयोग शून्य.

त्यापेक्षा मुलाला एक काम द्या. समजा, पनवेलमधला एक घरगुती उद्योग मोड आणून सोललेले कडवे वाल पाकिटात विकायला काढतोय. त्याचं प्रसिद्धीपत्रक लिहायचं आहे.

बहुतेक मुलं मथळा देतात, ‘पनवेलच्या खाद्यक्षेत्रात क्रांती!’ उपसंपादक तिथेच थांबतो, कारण काय विकायला आलं हेच त्याला कळत नाही. मथळ्यात वस्तू आणि गाव हवं: ‘सोललेलं बिरडं आता पाकिटात, पनवेलच्या उद्योगाचं नवं उत्पादन’. एवढं पुरतं.

पहिला परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा. वर्तमानपत्रात जागा कमी पडली की मजकूर शेवटाकडून कापतात, कधी चारच ओळी उरतात. म्हणून त्या चार ओळींत सगळं आलं पाहिजे: कोणी, काय, कुठे, कधीपासून, किती ग्रॅम, किती रुपये. उद्घाटनाला कोण आले होते हे खाली, जमलं तर. मालकाला ते नाव वरच हवं असतं. तिथे त्याला नाही म्हणता येणं हाही या कामाचाच भाग आहे.

दुसऱ्या परिच्छेदात बातमी का, ते येतं. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. नोकरी करणाऱ्या घरात हे कोण करणार? ही अडचण लिहिली की वाचकाला पाकिटाचा अर्थ कळतो. ‘उत्कृष्ट दर्जा’ लिहून कळत नाही. पाकीट फ्रिजमध्ये किती दिवस टिकतं हे मालकाला विचारायचं, आणि त्याने अंदाज सांगितला तर ‘हे तपासून घेतलंय का?’ असं पुन्हा विचारायचं. मालकाचं एक वाक्य अवतरणात घ्यावं, पण ते त्याने खरोखर म्हटलेलं हवं.

खरा धोका दाव्यांत असतो. ‘मधुमेहावर गुणकारी’ हे मालक हौसेने सुचवतो, मुलगा उतरवून घेतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 53 नुसार खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्या कायद्यातली जाहिरातीची व्याख्या छापील परिपत्रकापर्यंत पोचते. ‘जिल्ह्यात पहिल्यांदाच’ हेही पुरावा नसेल तर खोडा.

शेवटी कंपनीचा परिचय, ज्याला या धंद्यात बॉयलरप्लेट म्हणतात. तो एकदाच नीट लिहायचा आणि प्रत्येक पत्रकाखाली तोच लावायचा. आपल्याच गावातल्या धूतपापेश्वरचा परिचय एका ओळीत होतो: 1872 मध्ये पनवेलला सुरू झालेली आयुर्वेदिक औषधांची कंपनी. साल, गाव, काम. ‘अग्रगण्य’ म्हणावं लागत नाही. आपल्या वालवाल्यांकडे एवढं जुनं साल नाही, म्हणून मुलं तिथे विशेषणं भरतात. नको. कधी सुरू केलं, किती जण काम करतात, काय काय बनवतात आणि परवाना क्रमांक, एवढं तीन वाक्यांत बसवा. कामगार वाढले, पत्ता बदलला की परिचय दुरुस्त करा. जुना पत्ता वर्षानुवर्षं फिरत राहतो.

पत्रक ईमेलच्या मजकुरातच, युनिकोडमध्ये पाठवावं. जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन उघडतो, आणि चित्र म्हणून पाठवलेलं पत्रक पुन्हा टाइप करायला कोणी बसत नाही. फोटो वेगळा जोडा, त्याखाली कोण आणि काय दिसतंय ते लिहा. पानं लागायच्या वेळी, संध्याकाळी उशिरा, पाठवू नका.

एवढं करूनही छापून येईलच असं नाही. ‘जाहिरात द्या, मग बातमी लावू’ असं कोणी म्हटलं तर ती बातमी नव्हे, विकत घेतलेली जागा. मालकाला तसं आधीच सांगून ठेवायचं.

आता पालकांसाठी. ‘मराठीत लिहून पोट भरतं का?’ असं मुलांसमोर म्हणू नका. तळोजा एमआयडीसीत, बाजारपेठेत, बचत गटांत नवी वस्तू काढणारे लोक आहेत आणि त्यातल्या कित्येकांना हे एक पान लिहिता येत नाही. त्यावर लगेच घर चालेल असं मी म्हणत नाही, पदवी सुरूच ठेवा. पण सुट्टीत मुलाला ओळखीच्या एका उद्योगाकडे पाठवा आणि पत्रक लिहून आणायला सांगा. तुम्ही स्वतः ते लिहून देऊ नका. गेल्या वर्षी असं करणारे वडील कमी नव्हते. आणि पत्रकाखाली संपर्कासाठी तुमचा नंबर टाकू नका, उद्योगातल्या अशा माणसाचा टाका जो पत्रकाराचा फोन पहिल्या वेळीच उचलेल.