घर विकायचं भांडण लिहिताना

पोरी, कुरुंदवाडच्या घरावरून बहीण-भाऊ भांडतात असा प्रवेश लिहायला घेतला आहेस, तर एक गोष्ट आधी लक्षात घे. शहरी कथांमध्ये मनातलं लपवायचं म्हटलं की पात्रं गप्प बसतात, खिडकीबाहेर बघतात. आपल्याकडं माणसं गप्प बसत नाहीत. ती मोठ्यानं भांडतात, पण भलत्याच गोष्टीवरून. सबटेक्स्ट म्हणतात तो इथं शांततेत सापडायचा नाही, आवाजात शोधावा लागेल.

भांडणाचं निमित्त आणि भांडणाचं मूळ दोन वेगळ्या ओळींत लिहून ठेव. निमित्त हे की घर विकायचं की नाही. मूळ काय, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. समज, भाऊ बाळू घरातच राहिला. 2005, 2019, 2021 असे तीन महापूर त्यानं काढले, दरवेळी पाणी ओसरल्यावर गाळ उपसला, आईचं आजारपणही त्यानंच केलं. त्याला घर विकायचंय, पण त्याहून जास्त काय हवंय? ‘तू सोसलंस’ एवढं बहिणीनं एकदा म्हणावं. बहीण, म्हणजे अक्का, लग्न होऊन पुण्याला गेली. तिला विकायचं नाही, पण मुळात तिला कुणीतरी विचारायला हवं होतं. या दोन ओळी तुझ्या वहीत राहू देत, पात्रांच्या तोंडी येऊ देऊ नकोस. गंमत बघ, घरात राहणाऱ्याला घर नकोय आणि न राहणारीला हवंय. एवढ्यावर प्रवेश चालतो.

निमित्त खरं असू दे. कागदपत्राचं लेखकाला ठाऊक नसेल तर भांडण पोकळ वाटतं. वडील मृत्युपत्र न करता गेले तर घरात मुलीचाही हिस्सा येतो, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीतही तिचा हक्क मुलाइतकाच. म्हणजे अक्काच्या सहीशिवाय घर विकणं अवघड. पण सही कशावर? खरेदीखतावर तिनं सही केली तर ती विकणाऱ्यांपैकी एक होते आणि पैशात तिचा वाटा येतो. हक्कसोडपत्रावर केली तर ती घरातूनच बाजूला होते. भावानं कुठला कागद तयार ठेवलाय, त्यावरून तो बहिणीला काय समजतो ते कळतं. त्याला एक शब्दही बोलावा लागत नाही.

दोघांच्या हाताला काम दे, आणि मध्ये एक वस्तू ठेव. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे. त्याच्याविषयी कुणी फार बोललं नाही तरी देशपांड्यांच्या घराचं काय झालंय ते दिसत राहतं. कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या घरात अशी वस्तू शोधायला लांब जावं लागत नाही. पूर येणार म्हटलं की खालचं सामान माडीवर जातं. काय वर गेलं, काय खाली राहिलं, आणि कुणी वाहिलं, यातच त्या घराची सगळी हकिकत असते. आपण आईचं तांब्याचं घंगाळ घेऊ.

आता पहिला खर्डा बघ. नव्या लेखकाच्या हातून तो बहुधा असा उतरतो:

बाळू : आईचं सगळं मी केलं. तू पुण्यात बसून होतीस. आता कुठल्या तोंडानं नको म्हणतीस?
अक्का : तू मला कधी विचारलंस? सहीपुरतं बोलावलंस!

वहीतल्या दोन ओळी तोंडातून बाहेर आल्या आणि प्रवेश दोन वाक्यांत संपला. पुढं फक्त आवाज चढवणं उरलं. तोच प्रवेश घंगाळावर आणून बघ:

अक्का : घंगाळ दिसंना कुठं.
बाळू : माडीवर हाय.
अक्का : एवढं जड? वर कुणी न्हेलं?
बाळू : पाणीच घेऊन गेलं वर.
अक्का : खाली आण की. घासून ठेवतो.
बाळू : घासून कुणाला दाखवायचंय? मोडीत तर जायचंय.
अक्का : आईचं घंगाळ मोडीत?
बाळू : मग न्हे की तू. मावतंय का बघ फ्लॅटात.
अक्का : कागद कसला केलायस?
बाळू : हक्कसोडचा.
अक्का : खरेदीला मी चालत न्हाई व्हय?
बाळू : खरेदी दोन-तीनदा लांबती. दरवेळी येशील व्हय तू इथवर?
अक्का : च्या टाकतो. साखर कुठं हाय?
बाळू : साखर न्हाई. आईची बंद केल्यापास्नं आणतच न्हाई.
अक्का : कधी बंद केलीवती?

इथं काय झालं? ‘वर कुणी न्हेलं’ हा साधा प्रश्न आहे, पण तीन पुरांत तू कुठं होतीस, हे बाळूला त्यात ऐकू येतं, म्हणून तो वाकडं उत्तर देतो. ‘दरवेळी येशील व्हय’ हे वरून सोयीचं बोलणं, आतून आरोप. आणि शेवटच्या प्रश्नात अक्काला आईच्या आजाराचं धड माहीत नव्हतं, हे तिच्याच तोंडून उघडं पडतं. त्यावर बाळूला ‘बघ, तुला एवढंही ठाऊक नाही’ असं म्हणायला लावलंस तर सगळं घालवलंस. त्यानं घंगाळ आणायला माडी चढावी.

बोलीतला बदल वापर. कोल्हापूरकडच्या बाया ‘मी येतो, मी ठेवतो’ म्हणतात. अक्का भावाशी तशीच बोलेल. मधेच पुण्याहून फोन आला की ती ‘हो, उद्या निघते’ म्हणेल. फोन ठेवल्यावर ती भावाशीही ‘मी वाचून बघते’ म्हणाली, तर ती मनानं परत गेली हे वाचक ओळखतो. मात्र हे प्रवेशात एकदाच कर, आणि निवेदनात समजावून सांगू नकोस.

एक वाक्य उघडं पडू दे. सगळंच झाकलंस तर वाचकाला दोन माणसं भांड्यावरून कटकट करताना दिसतील, बाकी काही कळणार नाही. प्रवेशाचा तीनचतुर्थांश भाग झाल्यावर एकाच्या तोंडून एक खरं वाक्य निसटू दे. ते ज्याच्या हातात कमी ताकद आहे त्याच्याकडून यावं. इथं सही अक्काच्या हातात आहे, म्हणून ते बाळूचं: ‘पाणी आलं की मला अजून झोप न्हाई लागत.’ दुसऱ्यानं त्याला उत्तर देऊ नये. परत घंगाळावर यावं.

लिहून झालं की तीन गोष्टी तपास. कंसातले ‘रागाने’, ‘खिन्नपणे’ पुसून टाक; पुसल्यावर वाक्य लंगडं पडलं तर दोष वाक्यात आहे. पात्रांची नावं झाकून वाच. कोण बोलतंय कळेना, तर दोघांचं मूळ अजून एकच आहे. मग कथा ठाऊक नसलेल्या कुणाला तरी वाचायला दे आणि विचार, या दोघांना काय हवंय? ‘एकाला घर विकायचंय, एकीला नाही’ एवढंच उत्तर आलं तर परत लिही. ‘त्याला शाबासकी हवीय, तिला मान हवाय’ असं आलं, आणि यातला एकही शब्द तुझ्या संवादात नसेल, तर प्रवेशाला हात लावू नकोस.