रात्री पाय दुखतात, सकाळी मूल पळतं: वाढीचं दुखणं कसं ओळखायचं?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही बंद झाली की मुलांचा विषय निघतोच. त्यात एक तक्रार हमखास असते. "दिवसभर उंडारतो आणि रात्री अकराला उठून पाय धरून रडतो. चेपून दिलं की झोपतो. सकाळी बघावं तर पुन्हा वाळूत धावायला तयार!" मग कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं कॅल्शियम कमी आहे, कुणी म्हणतं वाढतं वय आहे, होतं असं.

बहुतेक वेळा शेवटचीच बाई बरोबर असते. पण दर वेळी नाही. म्हणून या अंकात एवढंच बघू, की "वाढतं वय आहे" असं म्हणून निवांत झोपायचं कधी आणि मुलाला घेऊन दवाखान्यात जायचं कधी.

आधी साधं दुखणं समजून घेऊ. साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांत हे दिसतं. दुखतं ते मांसात, म्हणजे पोटऱ्या, नडगीचा भाग, मांडीची पुढची बाजू किंवा गुडघ्याच्या मागे. सांध्यात नाही. दोन्ही पाय दुखतात. कधी आज उजवा, परवा डावा. संध्याकाळी किंवा झोपेतून उठवून दुखतं, दहा-पंधरा मिनिटं ते तास-दोन तास राहतं आणि सकाळपर्यंत पार नाहीसं होतं. रोज होत नाही. आठवड्यात एक-दोनदा होतं, मग महिनाभर काहीच नाही, मग पुन्हा सुरू.

याला वाढीचं दुखणं हे नाव फार जुनं आहे. १८२३ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरने ते वापरलं आणि तेच चिकटलं. खरं तर नाव थोडं फसवं आहे. मूल सगळ्यात झपाट्याने वाढतं ते पहिल्या वर्षात आणि नंतर वयात येताना. आणि हे दुखणं येतं त्या दोन्हींच्या मधल्या काळात. नेमकं कारण डॉक्टरांनाही एकच असं सांगता येत नाही. ज्या दिवशी धावपळ, उड्या जास्त, त्या रात्री दुखणं जास्त, हे मात्र पुष्कळ आयांच्या लक्षात आलेलं असतं. आपल्याकडे पोरं काशीदला, नांदगावला, श्रीवर्धनला संध्याकाळभर मऊ वाळूत धावतात. मऊ वाळूत पाय रुततो, पोटरीला जास्त काम पडतं. तेव्हा खेळ बंद करायचं कारण नाही, पण त्या रात्री पोटऱ्या दुखल्या तर नवल वाटून घेऊ नका.

आता रात्री मूल रडत उठलं तर काय करायचं? पहिल्यांदा दिवा लावा आणि त्याला एका बोटाने दाखवायला सांगा, "कुठे दुखतं?" साध्या दुखण्यात मूल हात फिरवून सगळी पोटरी दाखवतं. मग तिथे हात ठेवा. खोबरेल तेल कोमट करून हलक्या हाताने खालून वर चोळा. साध्या दुखण्यात मूल स्वतःच पाय पुढे करतं, "अजून चेप" म्हणतं. पण तुम्ही हात लावताच ते ओरडलं, हात ढकलून दिला, किंवा एकाच ठिकाणी बोट ठेवून "इथेच, इथेच" म्हणत राहिलं, तर तिथे चोळणं थांबवा. ही गोष्ट मनात नोंदवून ठेवा. आणि कुणाकडून पाय ओढून किंवा हाड बसवून घ्यायला तर अजिबात जाऊ नका. आत सूज किंवा जंतूंची लागण असेल तर ओढाताणीने नुकसान होतं.

फार दुखत असेल तर पॅरासिटामॉलचं पातळ औषध देता येतं. इथे एक सावधगिरी आहे. ते वयावर नाही, वजनावर द्यायचं असतं: एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे १४ किलोच्या मुलाला साधारण २०० मिलिग्रॅम. पण बाजारात एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम असतं, तर दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच औषधात २५०. "मागच्या वेळी चमचा-दीड चमचा दिलं होतं" या हिशेबाने दिलं तर डोस दुप्पट होऊ शकतो. म्हणून बाटली आणि मुलाचं वजन दोन्ही आशाताईंना किंवा आरोग्य सेविकेला दाखवून मिलीचा आकडा लिहून घ्या. अॅस्पिरिनची गोळी तोडून मुलांना देऊ नका. आणि दर रात्री औषध लागायला लागलं, तर ते वाढीचं दुखणं आहे असं धरून बसू नका.

खरी तपासणी मात्र रात्री नाही, सकाळी होते. मूल उठल्यावर चहा टाकता टाकता त्याच्याकडे बघा. अंगणात चालत जातं का? लंगडतं का? उठल्यावर पाय आखडलेले असतात आणि अर्ध्या तासाने मोकळे होतात, असं आहे का? शौचाला बसतात तसं उकिडवं बसून त्याला पटकन उठता येतं का? मग जेवायला बसतात तशी मांडी घालायला लावा. दोन्ही गुडघे जमिनीकडे सारखेच जातात की एक गुडघा उंच राहतो? शेवटी दोन्ही गुडघ्यांना आणि घोट्यांना हात लावून बघा, एक बाजू सुजलेली किंवा जास्त गरम लागते का. सगळं ठीक असेल आणि मूल चप्पल शोधत बाहेर पळालं, तर रात्रीचं दुखणं साधंच असण्याची शक्यता फार मोठी आहे. यासाठी रक्ताची, एक्स-रेची गरज नसते.

मांडी घालण्याची गोष्ट मुद्दाम सांगितली. ती का, ते एका उदाहरणाने समजेल. समजा, मुरूडजवळच्या एका गावात सात वर्षांचा मुलगा आहे. पावसाळ्यात तो म्हणायला लागला, गुडघा दुखतो. आईने पाहिलं, गुडघ्याला सूज नाही, लाली नाही, ताप नाही. तेल लावलं. रात्री दुखायचं, म्हणून सगळ्यांनी वाढतं वय ठरवलं. पण तीन गोष्टी बसत नव्हत्या. दर वेळी उजवाच पाय. खेळून आला की थोडा लंगडायचा, आणि दोन महिन्यांत ते लंगडणं सकाळीही दिसायला लागलं. आणि जेवायला बसला की उजवा गुडघा उंच राहायचा, म्हणून तो पाय पुढे सोडून बसायचा. घरात त्याला "नीट बस" म्हणून रागावत होते.

अशा मुलाचं दुखणं गुडघ्यात नसतं, खुब्यात असतं. खुब्याचं दुखणं मांडीतून खाली उतरून गुडघ्यात जाणवतं, त्यामुळे मूल गुडघ्यावर बोट ठेवतं आणि आपण गुडघाच बघत बसतो. पर्थेस नावाच्या आजारात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल डोक्याला रक्तपुरवठा कमी पडतो. ते हाड मऊ होतं आणि त्यावर भार पडत राहिला तर गोल डोकं चपटं होऊ शकतं. हा बहुधा ४ ते ८ वर्षांच्या मुलांत दिसतो, आपल्या देशात थोड्या मोठ्या मुलांतही. मुलींपेक्षा मुलग्यांत चार-पाच पट जास्त. कर्नाटकच्या किनाऱ्यावर मणिपालच्या डॉक्टरांनी याचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. त्या किनारपट्टीत हा आजार बराच आढळला. म्हणून समुद्राकाठच्या आपण बायकांनी हे नाव निदान ऐकून ठेवावं.

त्या मुलाला लागते ती खुब्याची तपासणी आणि खुब्याचा एक्स-रे. फक्त गुडघ्याचा एक्स-रे काढला तर तो चांगला येईल आणि आपण निश्चिंत होऊन परत येऊ. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "गुडघा दुखतो म्हणतो, पण मांडी घालता येत नाही, आणि लंगडतो." एवढ्या वाक्यावर डॉक्टरांचं लक्ष खुब्याकडे जाईल. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये कधी कधी काही दिसत नाही. लंगडणं चालू राहिलं तर काही आठवड्यांनी पुन्हा दाखवावं लागतं. लवकर कळलं तर उड्या-धावणं काही काळ बंद, व्यायाम, काहींना पट्टा किंवा शस्त्रक्रिया, असं करून सांध्याचा गोलपणा राखायचा प्रयत्न करतात.

दुसरे आजारही आहेत, पण ते ओळखायला नावं पाठ करायची गरज नाही. एखादा सांधा आठवड्यांनंतरही सुजलेला आणि सकाळी आखडलेला असेल, तर सांध्याचा आजार असू शकतो. पाय वाकडे होत चालले, मनगटं रुंद दिसतात, तर ड जीवनसत्त्वाची कमतरता तपासावी लागते; मनाने कॅल्शियमच्या बाटल्या आणून ती भरत नाही. दुखणं दिवसाही राहतं, आठवड्यागणिक वाढतं, मूल फिकं पडत चाललंय, वजन उतरतंय, मार न लागता अंगावर काळे-निळे डाग येतात, हिरड्यांतून रक्त येतं किंवा ताप येत-जात राहतो, तर रक्ताची तपासणी त्याच आठवड्यात करा. असं फार थोड्या मुलांत होतं, पण रक्ताचा कर्करोग कधी कधी पाय दुखण्यानेच सुरू होतो.

एका बाबतीत मात्र सकाळची वाट बघायची नाही. ताप आहे, एक सांधा किंवा हाडाजवळचा भाग अतिशय दुखतो आणि मूल त्या पायावर उभंच राहत नाही, तर सांध्यात किंवा हाडात पू होत असू शकतो. तासांवर गोष्ट असते. रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

बाकी मुलांसाठी घाई नको, पण नोंद हवी. गटाच्या वहीसारखंच एक पान आखा: तारीख, किती वाजता, कोणता पाय, नेमकं कुठे, चोळल्यावर बरं वाटलं का, सकाळी लंगडला का. दोन-तीन आठवड्यांत चित्र समोर येतं. पाय बदलत असतील, मधले दिवस कोरे असतील आणि शेवटच्या रकान्यात सगळीकडे "नाही" असेल, तर रोज सकाळ-संध्याकाळ पोटऱ्या आणि मांड्या हलक्या ताणायचा व्यायाम करून घ्या. बऱ्याच मुलांचं दुखणं त्याने कमी होतं. भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून एक पाय मागे ताणायचा, दहा-वीस आकडे मोजायचे, मग दुसरा पाय.

शेवटच्या रकान्यात "हो" यायला लागलं तर ते पान घेऊन आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासायला येतं. ते जवळपास येणार असेल तर त्यांनाही दाखवा, पण लंगडणाऱ्या मुलाला त्यांच्या वाटेवर बसवून ठेवू नका. पुढे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलं तर जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, खर्च राहतो तो गाडीभाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा. तेवढ्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज मागायला कुणी संकोचू नये. बैठकीची वाट न बघता अध्यक्ष-सचिवांना सांगितलं तरी चालतं का, हे आपापल्या गटात आधीच ठरवून ठेवा.