कुटुंबांच्या उत्पन्नाची पाहणी : सरासरी घ्यावी की मध्यक?

गावातील कुटुंबांच्या उत्पन्नाची पाहणी झाली, की तक्त्याच्या शेवटी सरासरी काढण्याची पद्धत आहे. उत्पन्न थोड्याफार फरकाने सारखे असेल तर ती उपयोगी पडते. परंतु दोन-तीन कुटुंबांचे उत्पन्न इतरांपेक्षा फारच जास्त असेल तर सरासरी तिकडे ओढली जाते. अशा वेळी मध्यक काढावा. सर्व आकडे चढत्या क्रमाने लावले असता बरोबर मधोमध येणारा आकडा म्हणजे मध्यक.

उदाहरण

चाळीसगाव तालुक्यातील गिरणाकाठच्या एखाद्या गावाची कल्पना करा. बहुतेकांची कपाशी, बाजरी पावसावर. एकाची विहिरीवर लिंबाची बाग. आणि एकाची बागायत मोठी, शिवाय कापसाचा व्यापार. अशा ११ कुटुंबांचे खर्च वजा जाता वार्षिक उत्पन्न, हजार रुपयांत, पुढीलप्रमाणे समजू. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.)

४२, ४८, ५५, ६०, ६६, ७२, ७८, ८५, ९६, २४०, ६१०

सरासरी : एकूण बेरीज १,४५२, तिला ११ ने भागता १३२, म्हणजे १,३२,००० रुपये.

मध्यक : ११ पैकी सहावा आकडा ७२, म्हणजे ७२,००० रुपये. (कुटुंबे १२ असती तर सहाव्या व सातव्या आकड्यांची बेरीज करून निम्मी करावी.)

आता १,३२,००० पेक्षा कमी उत्पन्न किती जणांचे आहे ते मोजा. अकरापैकी नऊ जणांचे! उरलेल्या दोघांचे त्याहून पुष्कळ जास्त आहे. म्हणजे सरासरीच्या जवळपास एकही कुटुंब नाही. मध्यकाच्या मात्र खाली पाच आणि वर पाच कुटुंबे आहेत.

तक्ता एकीकडे झुकलेला आहे हे कसे ओळखावे?

पहिली खूण म्हणजे सरासरी मध्यकापेक्षा बरीच जास्त असणे. दुसरी खूण, सर्वांत मोठा आकडा बाजूला ठेवून पाहावे. ६१० वगळल्यास सरासरी १३२ वरून ८४.२ वर घसरते. मध्यक मात्र ७२ वरून ६९ होतो. एका कुटुंबाने सरासरी इतकी हलत असेल तर ती गावाचे चित्र दाखवत नाही. छापील अहवालात सरासरीशेजारी प्रमाण विचलन दिलेले असते. ते सरासरीपेक्षा मोठे असेल तर सावध व्हावे. वरील उदाहरणात ते सुमारे १६८ आहे.

मात्र मोठा आकडा तक्त्यातून कायमचा खोडू नये. आधी मूळ फॉर्म पाहावा. ८५ ऐवजी चुकून ८५० लिहिले गेले तर सरासरी २०१ च्या वर जाते, पण मध्यक ७२ च राहतो. म्हणूनच मध्यक बदलला नाही एवढ्यावरून आकडे बिनचूक आहेत असे समजू नये. आकडा खरा असेल तर ते कुटुंबही गावाचेच आहे, त्याला तक्त्यात ठेवावे.

प्रत्यक्ष फरक कोठे पडतो?

समजा, पाणी योजनेसाठी दर कुटुंबाने उत्पन्नाच्या १० टक्के वर्गणी द्यावी असे ठरले आणि सरासरीवरून सर्वांना सारखे १३,२०० रुपये लावले. ७२,००० उत्पन्नाच्या कुटुंबाला ती १८ टक्क्यांवर पडते, तर ४२,००० च्या कुटुंबाला ३१ टक्क्यांवर. मध्यकावरून ७,२०० रुपये लावले तर ४२,००० वाल्यालाही १७ टक्के पडतात, पण गोळा होतात फक्त ७९,२०० रुपये. सरासरीने १,४५,२०० जमले असते.

येथेच मध्यकाची मर्यादा कळते. एकूण रक्कम किती जमेल हे मध्यकावरून निघत नाही. त्यासाठी बेरीज किंवा सरासरीच हवी. साधारण कुटुंबाची ऐपत किती, हे मात्र मध्यक सांगतो. वरील प्रश्नात प्रत्येकाकडून त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के घेतले तर तेवढेच १,४५,२०० रुपये जमतात आणि कोणावरही जादा भार पडत नाही.

सरकारी आकडे वाचताना

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत, २०१८-१९ या वर्षासाठी, देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. १० हेक्टरपेक्षा जास्त जमीन असलेल्यांचे ते ६०,७५८ रुपये होते. अशी कुटुंबे फार थोडी. सुमारे ७० टक्के कुटुंबांकडे १ हेक्टरपेक्षा कमी जमीन होती. म्हणून अशा अहवालात केवळ शेवटची ओळ न वाचता आपल्या जमीनगटाची ओळ पाहावी.

गावची पाहणी करताना सरासरी व मध्यक दोन्ही काढून शेजारी शेजारी लिहावेत, आणि सरासरीपेक्षा कमी उत्पन्नाची कुटुंबे किती हेही खाली नोंदवावे.